पिंडारीच्या ओळीतला एक आकडा: चूक कबूल करणारं शुद्धिपत्र कसं लिहितात

हवामानबदलावरचा जो जागतिक अहवाल आयपीसीसी ही आंतरराष्ट्रीय समिती काढते, त्याची चौथी आवृत्ती २००७ साली आली. तिच्या दुसऱ्या खंडात आशियावर एक प्रकरण आहे आणि त्यात हिमालयातल्या हिमनद्या किती मागे हटल्या याचा एक लहानसा तक्ता आहे. तक्त्यात हिमनदीचं नाव, मोजणीचा कालावधी, तेवढ्या काळात तिचं टोक किती मीटर मागे सरकलं तो आकडा आणि शेवटी वर्षाला सरासरी किती मीटर, असे चार रकाने आहेत. पिंडारी हिमनदीच्या ओळीत लिहिलं होतं: १८४५ ते १९६६, २,८४० मीटर, वर्षाला १३५.२ मीटर.

कागद-पेन्सिल घेऊन भागाकार करून पाहा. १८४५ ते १९६६ म्हणजे १२१ वर्षं. २,८४० ला १२१ ने भागलं की साडेतेवीसच्या आसपास उत्तर येतं. मग १३५.२ कुठून आलं? २,८४० ला २१ ने भागा, बरोबर १३५.२ येतं. कुठेतरी, कुणाच्या तरी हातून १२१ मधला शंभर गळाला आणि आकडा जवळजवळ सहापट फुगला.

आता समजा, हा अहवाल तुमच्या नावावर छापून गेला आहे, लोकांनी तो उतरवून ठेवला आहे, आणि कुणीतरी हा भागाकार तुमच्यासमोर ठेवला आहे. चूक उघड आहे, वाद घालायला जागा नाही. अशा वेळी जी अर्ध्या पानाची सूचना काढायची असते, तिच्याबद्दल हा लेख आहे. ती सोपी वाटते, आणि तरीही मोठमोठ्या संस्थांना ती नीट लिहिता येत नाही. याच एका अहवालाभोवती अशा तीन सूचना निघाल्या. एक मोघम होती, दोन चांगल्या होत्या. त्या शेजारी ठेवून वाचल्या की कुठली वाक्यं काम करतात आणि कुठली नुसती जागा अडवतात ते दिसतं.

मराठी वाचकाला शुद्धिपत्र नवं नाही. जुन्या पुस्तकांच्या शेवटी पान, ओळ, अशुद्ध आणि शुद्ध अशा चार रकान्यांचं एक पान असायचं. 'अमुकच्या ऐवजी तमुक असे वाचावे' एवढंच ते सांगायचं. त्या पानाचा मला फार आदर आहे, कारण त्यात एकही शब्द फालतू नसे. चूक कुठे आहे, काय छापलं गेलं, काय हवं होतं, हे तीन प्रश्न सुटले की काम झालं. वाचक पेन घेऊन बसायचा आणि आपल्या प्रतीत दुरुस्ती करून टाकायचा.

कादंबरीतल्या किंवा व्याकरणाच्या पुस्तकातल्या मुद्रणदोषाला तेवढं पुरतं. अहवालातल्या चुकीला पुरत नाही, कारण अहवालातला आकडा पानावर बसून राहत नाही. तो सारांशात जातो, भाषणात जातो, दुसऱ्या अहवालात जातो, निर्णयाच्या टिपणीत जातो. म्हणून अहवालाच्या शुद्धिपत्रात त्या चार रकान्यांखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात: चूक कशी घडली, आणि ती सुधारल्यावर अहवालाचं म्हणणं बदलतं की तसंच राहतं. ही दुसरी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते किंवा चुकीच्या जागी लिहिली जाते.

त्याच २००७ च्या खंडात, त्याच आशियाच्या प्रकरणात, पिंडारीपेक्षा कितीतरी गाजलेली चूक होती. हिमालयातल्या हिमनद्या जगात सर्वांत वेगाने मागे हटत आहेत आणि हाच वेग राहिला तर २०३५ पर्यंत, कदाचित त्याआधीच, त्या नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, असं तिथे लिहिलं होतं. पुढे असंही होतं की त्यांचं एकूण क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरवरून एक लाखावर येईल.

या वाक्यांचा उगम शोधत गेलं की माळ उलगडत जाते. आयपीसीसीच्या लेखकांनी आधार दिला होता डब्ल्यूडब्ल्यूएफ या पर्यावरण संस्थेच्या २००५ च्या अहवालाचा. त्या अहवालाने आधार घेतला होता न्यू सायंटिस्ट या नियतकालिकात १९९९ साली आलेल्या बातमीवजा लेखाचा. तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध या माळेत कुठेच नव्हता. आणि १९९६ च्या एका जुन्या अहवालात खरोखरच पाच लाखांवरून एक लाख चौरस किलोमीटर असा अंदाज होता, पण तो होता ध्रुवप्रदेश सोडून साऱ्या जगातल्या हिमनद्यांबद्दल, आणि वर्ष होतं २३५०. जानेवारी २०१० मध्ये चार हिमनदी-अभ्यासकांनी सायन्स या नियतकालिकात पत्र लिहून हा सगळा माग काढून दाखवला. हिमालयातल्या मोठ्या हिमनद्यांची जाडी शेकडो मीटर आहे. एवढा बर्फ पंचवीस-तीस वर्षांत वितळून जाणं शक्य नाही, हे त्या क्षेत्रात काम करणाऱ्याला वाचताक्षणी खटकलं असतं.

२० जानेवारी २०१० रोजी आयपीसीसीने निवेदन काढलं. ते एका पानाच्या आसपासचं आहे. त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे, म्हणून जरा थांबून वाचू.

सुरुवात होते अहवालाच्या अंतिम सारांशातल्या एका निष्कर्षापासून. हिमनद्यांमधला आणि हिमावरणातला ऱ्हास एकविसाव्या शतकात वाढत जाईल, पाणी कमी होईल, जगातल्या एक षष्ठांशाहून जास्त लोकांवर परिणाम होईल, हा तो निष्कर्ष. लगेच पुढे सांगितलं जातं की हा निष्कर्ष भक्कम आहे आणि विज्ञानाशी पूर्ण सुसंगत आहे. त्यानंतर येते मूळ गोष्ट: दुसऱ्या खंडाच्या ९३८ पानांमधल्या एका परिच्छेदात हिमालयातल्या हिमनद्या मागे हटण्याच्या वेगाचे आणि त्या नाहीशा होण्याच्या तारखेचे पुरेसा आधार नसलेले अंदाज आले आहेत, असं आमच्या नजरेस आलं आहे. परिच्छेद लिहिताना पुराव्याचे ठरलेले निकष नीट लावले गेले नाहीत. मग अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सहअध्यक्ष यांची खंत, आणि शेवटी कामाच्या दर्जाबद्दल पुन्हा बांधिलकी.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. यात खोटं काही नाही, खंतही व्यक्त झाली आहे, आणि तळटीपेत परिच्छेद नेमका कुठे आहे आणि त्याचा भाग तांत्रिक सारांशातल्या चौकटीत पुन्हा आला आहे हेही दिलं आहे. पण संपूर्ण निवेदनात २०३५ हा आकडाच नाही. जो आकडा वाचून लोक घाबरले, ज्याच्यावरून वाद पेटला, तो कुठेही उच्चारलेला नाही. त्याच्या जागी काय वाचायचं तेही नाही. नवं वर्ष द्यायचं? की वाक्य पुसून टाकायचं? की वेग खरा आणि तारीख खोटी? हातात अहवाल घेऊन बसलेल्या माणसाने त्या पानावर नेमकं काय करायचं, याचं उत्तर या निवेदनातून मिळत नाही.

माझ्या मते यातली मुळातली अडचण क्रमाची आहे. जे बरोबर आहे ते आधी आणि जे चुकलं ते नंतर, असा क्रम लावला की वाचकाला पहिल्या ओळीपासून वाटतं की समोरचा बचावाला उभा आहे. 'बाकीचा निष्कर्ष टिकून आहे' हे वाक्य खरं होतं आणि आवश्यकही होतं. पण ते चुकीच्या नंतर आलं असतं तर ती माहिती ठरली असती, आधी आल्यामुळे ती ढाल ठरली. शिवाय ९३८ पानांचा उल्लेख. एवढ्या मोठ्या खंडात एक परिच्छेद, हे सांगण्यामागचा हेतू समजतो. पण शुद्धिपत्रात चुकीचं आकारमान कमी करून दाखवणारा कुठलाही आकडा घातला की वाचकाचा विश्वास वाढत नाही, उलट तो उरलेली पानं संशयाने चाळू लागतो.

आता दुसरी सूचना. २०३५ चं वाक्य ज्या संस्थेच्या अहवालातून उचललं गेलं, त्या डब्ल्यूडब्ल्यूएफनेही आपल्या २००५ च्या अहवालाला दुरुस्ती जोडली. तिचा थाट अगदी वेगळा आहे. अहवालाच्या पान २९ वर आम्ही पुढील विधान छापलं होतं, असं म्हणून ते विधान अवतरणात जसंच्या तसं दिलं आहे. ते सद्भावनेने वापरलं होतं पण आता ते चुकीचं असल्याचं स्पष्ट झालं आहे आणि ते दुर्लक्षावं, असं पुढे म्हटलं आहे. आणि मग, मला सर्वांत आवडलेली गोष्ट: याच विधानाचा सार पान ३ वरच्या कार्यकारी सारांशातही आला आहे, तोही दुर्लक्षावा. शेवटी झालेल्या गोंधळाबद्दल दिलगिरी.

पान ३ चा उल्लेख का महत्त्वाचा? कारण अहवाल वाचणारे बहुतेक जण पान २९ पर्यंत जातच नाहीत. ते सारांश वाचतात. अहवालातली एक चूक प्रत्यक्षात क्वचितच एका जागी असते. ती तक्त्यात असते, तक्त्याखालच्या मजकुरात असते, आलेखात असते, सारांशात असते, मागच्या मलपृष्ठावर असते, कधी प्रसिद्धिपत्रकात असते. शुद्धिपत्र लिहायला बसण्याआधी पहिलं काम हेच: तो आकडा आणि त्याची शब्दांतली रूपं अहवालभर शोधायची. '१३५.२' शोधलं की तक्ता सापडेल. पण 'वर्षाला शंभर मीटरहून जास्त' असं कुणी सारांशात लिहिलं असेल तर ते आकड्याच्या शोधात सापडणार नाही, ते डोळ्यांनीच वाचून काढावं लागतं.

या सूचनेत आणखी एक शहाणपण आहे. तिने नवा आकडा दिला नाही, कारण तिच्याकडे तो नव्हता. दुरुस्ती म्हणजे दर वेळी नवा आकडाच असं नाही. 'हे विधान मागे घेतलं आहे, त्याच्या जागी काहीही धरू नये' ही सुद्धा पूर्ण दुरुस्ती आहे, फक्त ती तशी स्पष्ट सांगावी लागते. काहीतरी भरायचं म्हणून घाईने दुसरा आकडा घालणं हा शुद्धिपत्रातला सर्वांत धोकादायक मोह. त्यातून शुद्धिपत्राचंच शुद्धिपत्र काढायची वेळ येते, आणि त्यानंतर त्या संस्थेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

तिसरी सूचना नेदरलँड्सची. त्याच खंडात युरोपवरच्या प्रकरणात लिहिलं होतं की नेदरलँड्सचा ५५ टक्के भूभाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. ते चूक होतं. ही माहिती आयपीसीसीला पुरवली होती नेदरलँड्सच्याच पर्यावरण मूल्यांकन संस्थेने, पीबीएल या नावाने ती ओळखली जाते. २०१० च्या फेब्रुवारीत दुरुस्ती पुढे आली तेव्हा त्या संस्थेने चूक आपल्याकडून गेली हे मान्य केलं आणि नेमकं काय लिहायला हवं होतं ते सांगितलं: देशाच्या ५५ टक्के भूभागाला पुराचा धोका आहे. म्हणजे देशाचा २६ टक्के भूभाग समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि आणखी २९ टक्के नद्यांच्या पुरात सापडू शकणारा आहे.

या दोन-तीन वाक्यांत किती सामावलं आहे पाहा. आकडा चुकीचा नव्हता. ५५ ला ५५ च. त्याच्यावरची चिठ्ठी चुकीची होती. दोन वेगळ्या धोक्यांची बेरीज एकाच धोक्याच्या नावावर खपली होती. जर शुद्धिपत्रात नुसतं '५५ टक्क्यांऐवजी २६ टक्के असे वाचावे' एवढंच लिहिलं असतं, तर ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर असलं तरी वाचकाला प्रश्न पडला असता की एवढा मोठा आकडा मुळात आला कुठून, कुणी मुद्दाम फुगवला की काय. २६ अधिक २९ ही बेरीज समोर ठेवली आणि संशयाला जागाच उरली नाही. चूक कशी घडली हे सांगण्याचं खरं कारण हे आहे. ती सबब म्हणून सांगायची नसते. वाचकाला चुकीची हद्द कळावी म्हणून सांगायची असते. भागाकाराची चूक असेल तर बाकीचे भागाकार तपासायला हवेत. स्रोत कच्चा असेल तर त्याच स्रोतावरची बाकीची विधानं तपासायला हवीत. शब्दांची गल्लत असेल तर आकडे बहुधा शाबूत आहेत. कारण कळलं की आणखी कुठे पाहायचं ते कळतं.

तर पुन्हा पिंडारीकडे. खालची सूचना मी लिहिली आहे, ती आयपीसीसीची नाही. अहवाल आपला असता तर ती कशी लिहावी याचा नमुना म्हणून ती वाचावी.

'शुद्धिपत्र. आशिया प्रकरणातील तक्ता १०.९ मध्ये पिंडारी हिमनदी मागे हटण्याचा सरासरी वेग वर्षाला १३५.२ मीटर असा आम्ही छापला आहे. तो चुकीचा आहे. बरोबर आकडा वर्षाला २३.५ मीटर आहे. त्या ओळीतील कालावधी (१८४५ ते १९६६) आणि अंतर (२,८४० मीटर) यांत बदल नाही. छापलेला आकडा २,८४० ला २१ ने भागल्यावर येतो, प्रत्यक्षात कालावधी १२१ वर्षांचा आहे. छपाईपूर्वी हा भागाकार आम्ही तपासला नव्हता. तक्त्यातील इतर सर्व सरासऱ्या आम्ही पुन्हा काढून पाहिल्या, त्यांत चूक आढळली नाही. चुकीच्या आकड्यामुळे तक्त्यात पिंडारी सर्वांत वेगाने मागे हटणारी हिमनदी दिसत होती. दुरुस्तीनंतर सर्वांत मोठा वेग बडा शिग्रीचा, वर्षाला ३६.१ मीटर, असून पिंडारी चौथ्या क्रमांकावर येते. तक्त्यातील सर्व हिमनद्या मागे हटल्या आहेत, हे तक्त्यातून दिसणारे चित्र बदलत नाही.'

यावर तारीख, आणि ज्यांच्याकडे शंका विचारायची त्यांचं पद. बस्स.

यातल्या प्रत्येक वाक्याला काम आहे. पहिल्या तीन वाक्यांत जुन्या पुस्तकांतले ते चार रकाने आले: जागा, अशुद्ध, शुद्ध. चुकीचा आकडा मुद्दाम पुन्हा लिहिला आहे. अनेकांना वाटतं की खोटा आकडा पुन्हा छापू नये, त्याने तो आणखी पसरतो. बातमीत किंवा जाहिरातीत तसं असेलही, पण शुद्धिपत्रात तो लिहायलाच हवा. ज्या माणसाने आपल्या टिपणात १३५.२ लिहून ठेवलं आहे तो शोधताना १३५.२ च शोधणार. तो आकडा सूचनेत नसेल तर सूचना त्याला सापडणारच नाही. २०३५ न लिहिल्यामुळे आयपीसीसीच्या निवेदनाचं नेमकं हेच झालं.

चौथं वाक्य, 'कालावधी आणि अंतर यांत बदल नाही', हे सहज सुटून जातं. पण ओळीत चार रकाने आहेत आणि एक बदलला, तर बाकीच्या तिन्हींबद्दल वाचकाला शंका येणारच. चुकीच्या शेजारी काय शाबूत आहे ते सांगणं हा दुरुस्तीचाच भाग आहे.

कारण सांगताना एक पथ्य पाळलं आहे. '२१ ने भागल्यावर येतो' असं लिहिलं, 'कुणीतरी २१ ने भागलं' असं लिहिलं नाही. आकडा कुठल्या टप्प्यावर बिघडला, आपल्या तक्त्यात की ज्या स्रोतातून तो घेतला तिथे, हे कागदपत्रांवरून कळत नसेल तर तेवढंच म्हणायचं जेवढं गणित सिद्ध करतं. पण स्रोतातच चूक असली तरी ती न तपासता आपल्या नावाने छापली, ही आपली चूक उरतेच. म्हणून 'आम्ही तपासला नव्हता' हे वाक्य कर्त्यासह आहे.

मराठीत इथे एक सापळा आहे, आणि तो आपल्या भाषेच्या सवयीतच आहे. 'अनवधानाने चूक झाली', 'नजरचुकीने छापले गेले', 'तांत्रिक कारणास्तव त्रुटी राहून गेली'. या वाक्यांत चूक आपोआप होते, पावसासारखी. कुणी केली नाही, कुणी रोखली नाही. 'अनवधानाने' हा शब्द तर इतका घासून गेला आहे की तो दिसला की वाचक पुढचं वाचायचं सोडून देतो, कारण त्याला ठाऊक असतं की पुढे 'तसदीबद्दल क्षमस्व' येणार. कार्यालयीन मराठीत 'सदर बाब निदर्शनास आल्याने' अशी सुरुवात होते आणि चूक येईपर्यंत तीन ओळी संपतात. 'आम्ही छापला', 'तो चुकीचा आहे', 'आम्ही तपासला नव्हता' या छोट्या वाक्यांना कसलाही अलंकार लागत नाही. एका माणसाचं नाव टांगायचीही गरज नाही. ज्या संस्थेच्या नावाने अहवाल निघाला तिने 'आम्ही' म्हटलं की पुरतं.

'खुलासा' आणि 'शुद्धिपत्र' यांतही फरक ठेवायला हवा. खुलासा म्हणजे जे लिहिलं ते बरोबर होतं पण वाचकाचा समज वेगळा झाला. शुद्धिपत्र म्हणजे जे लिहिलं तेच चूक होतं. भागाकार चुकलेला असताना 'खुलासा' हे शीर्षक दिलं तर पहिल्याच शब्दात दोष वाचकावर ढकलला जातो.

शेवटच्या भागात, परिणाम सांगताना, दोन्ही बाजू आल्या आहेत. पिंडारी पहिल्या क्रमांकावरून चौथ्यावर गेली, हे आधी. सगळ्या हिमनद्या मागे हटल्या हे टिकून आहे, हे नंतर. चौथा क्रमांक कसा, तर बडा शिग्री ३६.१, गंगोत्रीची १९७७ ते १९९० ची नोंद २८.०, झेमू २७.७ आणि मग पिंडारी २३.५. इथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. या हिमनद्यांचे कालावधी वेगवेगळे आहेत, पिंडारीचे १२१ वर्षांचे तर झेमूचे ७ वर्षांचे, त्यामुळे ही क्रमवारी त्या तक्त्यापुरतीच खरी. शुद्धिपत्रात हे लिहायची गरज नाही, पण 'सर्वांत वेगवान' असं वाक्य अहवालात इतरत्र कुणी या तक्त्यावरून काढलं असेल तर ते वाक्यही सूचनेत आलं पाहिजे.

असा आकडा छपाईआधी पकडता आला असता का? सहज. त्या तक्त्यातले बाकी सगळे वेग ५ आणि ३७ मीटरच्या मधले आहेत. त्यांच्यात १३५.२ एकटा उंच उभा आहे. आणि ज्या तक्त्यात अंतर आणि वर्षं दोन्ही दिली आहेत, तिथे सरासरी तपासायला एक मिनिट लागतं. त्रिलोकनाथ ४०० मीटर, १९६९ ते १९९५, म्हणजे २६ वर्षं, १५.४. मिलम ९९० मीटर, ७५ वर्षं, १३.२. दोन्ही जुळतात. शुद्धिपत्रात 'इतर सरासऱ्या पुन्हा काढून पाहिल्या' असं लिहायचं तर खरोखर प्रत्येक ओळ अशी पुन्हा भागून पाहावी लागते. न पाहता ते वाक्य लिहिलं तर मूळ चुकीपेक्षा ते वाईट.

आता सूचना तयार झाली, ती लावायची कुठे? इथे सर्वांत मोठा मोह शांतपणे काम उरकण्याचा असतो. मूळ फाइल उघडायची, १३५.२ च्या जागी २३.५ टाकायचं, त्याच नावाने पुन्हा चढवायची. कुणाला कळलं नाही, आकडा बरोबर झाला. पण ज्याने आधी उतरवून घेतलं त्याच्याकडे एक आकडा, आज उतरवणाऱ्याकडे दुसरा, आणि दोघांच्याही पानावर तीच तारीख, तेच शीर्षक. दोघे समोरासमोर आले तर एकाला वाटणार दुसरा खोटं बोलतोय. म्हणून मजकूर दुरुस्त करायचा असेल तर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख बदलायची, पहिल्या पानावर बदल लिहायचा, आणि जुनी प्रत 'बदललेली' अशी खूण करून उपलब्ध ठेवायची. शोधनिबंधांच्या जगात शुद्धिपत्राला स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो आणि ते मूळ लेखाला जोडलेलं असतं, म्हणजे कुठल्याही एकावर आलेला वाचक दुसऱ्यापर्यंत पोचतो. संस्थांच्या अहवालांना अशी व्यवस्था बहुतेक वेळा नसते, म्हणून ती हाताने करावी लागते. ज्यांनी तो आकडा उद्धृत केला आहे त्यांतल्या ठाऊक असलेल्यांना थेट कळवणं हाही याच कामाचा भाग. सगळ्यांपर्यंत पोचता येत नाही, पण ज्यांच्या अहवालात आपला आकडा आपल्याच नावाने छापला आहे, त्यांच्यापर्यंत नक्की येतं.

दुरुस्तीलाही हद्द आहे. एक आकडा, एक चिठ्ठी, एक वाक्य सुधारता येतं. पण ज्या आकड्यावर अहवालाचा मुख्य निष्कर्ष उभा आहे तोच कोसळला, तर शुद्धिपत्र काढून भागत नाही, अहवाल मागे घ्यावा लागतो. ओळखायची खूण साधी: परिणामाचं वाक्य लिहायला बसा. 'हे बदलतं, ते तसंच राहतं' असं प्रामाणिकपणे लिहिता आलं तर शुद्धिपत्र. 'तसंच राहतं' या बाजूला लिहायला काहीच उरत नसेल, तर हे शुद्धिपत्राचं काम नाही.

२०३५ च्या प्रकरणानंतर आयपीसीसीच्या कामाच्या पद्धतीची बाहेरच्या विज्ञान अकादमींच्या परिषदेकडून तपासणी झाली, आणि २०११ साली समितीने चुका हाताळण्याची लेखी पद्धत स्वीकारली: दावा आला की तो कुणाकडे जायचा, लेखकांनी तो कसा तपासायचा, चूक ठरली तर शुद्धिपत्र कसं निघायचं. त्याआधी अशी पद्धत नव्हती. म्हणजे जानेवारी २०१० मध्ये ज्यांनी ते निवेदन लिहिलं, त्यांच्यापुढे कोराच कागद होता. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या लोकांपुढेही तसाच होता. त्यांनी पान २९ आणि पान ३ असं लिहिलं, आणि ती सूचना अहवालाच्या अगदी सुरुवातीला, मुख्य मजकुराच्या आधी जोडली.